बाग स्वतः केली, 1 लाख 32 हजार उरले. मग नुकसान कसलं?

गडग्याआडचा | 9 जून, रात्री 9:40

मंडळी, घरात वाद झालाय. निवाडा हवाय.

गुहागरच्या खाली, वेळणेश्वरच्या वाटेवर आमची हापूसची 60 कलमं आहेत. वडील होते तोवर बाग कराराने जायची. करार मोहोर-फळांचाच असायचा, जमिनीचा नाही, कुळाची भानगड नको म्हणून. गेल्या वर्षीपासून बाग मी स्वतः करतोय. यंदाचा हिशोब काल बसून मांडला. आंबा विकून हातात आले 3 लाख 60 हजार, त्यात डागी आंबा कॅनिंगला गेला त्याचेही आले. खत, कल्टार, सात फवारण्या, बेणणी, राखणदार, तोडणीची मजुरी, पेट्या आणि पेंढा मिळून खर्च 2 लाख 28 हजार. उरले 1 लाख 32 हजार. वाशीची हमाली, दलाली आधीच वजा केली आहे.

मी खूश होतो. बायको म्हणाली, "नुकसान झालंय तुमचं." म्हटलं कसं? तर म्हणे करारवाला 1 लाख 10 हजार द्यायला तयार होता आणि मेमध्ये आपली मागची खोली बंद होती. अहो, खोली घरची, मेहनत माझी, त्याला पैसे कुठे पडले? खिशातून जे गेलं तोच खर्च ना? तिचं म्हणणं काही केल्या डोक्यात शिरत नाहीये.

---

हापूसप्रेमी डोंबिवली | 9 जून, रात्री 10:05

भाव काय होता हो पेटीचा? आणि पुढच्या वर्षी डोंबिवलीला पोचवाल का? आम्हाला रसायनविरहित हवाय, पाच डझनी.

---

गडग्याआडचा | 9 जून, रात्री 10:11

दादा, सात फवारण्या आत्ताच लिहिल्या वर. रसायनविरहित म्हणून विकायला माझी जीभ रेटणार नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत विचारा.

---

तिठा | 9 जून, रात्री 11:20

मी हिशोबातलाच माणूस, म्हणून लिहितो. वहिनींचं बरोबर आहे, पण त्यांनीही हिशोब अर्धाच मांडलाय. तुमच्या आयडीवरून दिसतंय की बागेला गडगा आहे. तो कधी घातलात, किती पैसे गेले? तो खर्च दहा वर्षांवर पसरून दरवर्षी वजा करायला हवा. शिवाय तुमचे सव्वादोन लाख ऑगस्टपासून मेपर्यंत बागेत टप्प्याटप्प्याने अडकले. बँकेत असते तर व्याज मिळालं असतं. आणि आजकाल तुमच्या भागात गुंठ्याला काय भाव चाललाय ते बघा. दीड एकर विकून पैसे ठेवीत टाकले तर नुसत्या व्याजावर वर्षाला बागेच्या दुप्पट-तिप्पट येतील.

म्हणजे बघा: कराराचे 1 लाख 10 हजार, अधिक खोलीचं भाडं, अधिक गडग्याचा हप्ता, अधिक जमीन विकली असती तर आलेलं व्याज. हे सगळं तुम्ही गमावलंय. बेरीज केलीत तर झोप उडेल.

---

गडग्याआडचा | 10 जून, सकाळी 7:02

उडालीच. गडगा दोन वर्षांपूर्वी घातला, जांभ्याचा, 2 लाख 40 हजार गेले. गुरं आणि डुकरं आत शिरायची म्हणून.

---

सुरंगी | 10 जून, सकाळी 9:30

चिपळूणच्या एका कॉलेजात बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तिठा यांच्या यादीतल्या दोन गोष्टी बरोबर आहेत, दोन अजिबात नाहीत. एकेक घेते.

गडगा आधी काढून टाका. पुढच्या वर्षी तुम्ही बाग स्वतः करा नाहीतर कराराने द्या, गडगा तिथेच उभा राहणार आणि ते 2 लाख 40 हजार दोन्हीकडे परत येणार नाहीत. दोन वाटांपैकी कुठलीही धरली तरी जे बदलत नाही, ते वाट निवडताना मोजायचं नाही. मन मात्र उलट सांगतं. "एवढा गडगा घातलाय, आता बाग दुसऱ्याला कशी देऊ?" असं तुम्हाला वाटलं असेलच.

आता ती बेरीज. एकाच जमिनीवर करारवाला आणि जमीन विकत घेणारा एकाच वेळी कसे येतील? जमीन विकलीत तर कराराचे पैसे मिळणार नाहीत, आणि कराराने दिलीत तर ती विकलेली नसणार. सोडून दिलेल्या सगळ्या वाटा एकावर एक रचल्या तर जगातली कुठलीही गोष्ट तोट्यात निघेल. ज्या वाटा एकमेकींच्या आड येत नाहीत त्यांची एक जुडी बांधायची. अशा जुड्यांमधली सगळ्यात चांगली कुठली ते बघायचं आणि तेवढीच तुमच्या निवडीची किंमत धरायची. बाग कराराने देणं आणि खोली पाहुण्यांना देणं एकत्र जमतं, म्हणून ती बेरीज वहिनींनी बरोबर केली. बाग कराराने देणं आणि विकणं एकत्र जमत नाही.

आता मला दोन गोष्टी सांगा. जमीन खरंच विकता येईल का? आणि मेमध्ये खोली का बंद होती?

---

गडग्याआडचा | 10 जून, दुपारी 1:15

विकणं सोडा. सातबाऱ्यावर सात नावं आहेत. दोन काका विरारला, एक आत्या बडोद्याला, चुलतभावांपैकी एकाचा पत्ताच नाही. कलमं आजोबांनी तोंडी वाटून दिली, जमीन अजून सामाईकच आहे.

खोलीचं असं. आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, रात्रीचे 1,800 घेतो. यंदा एप्रिलच्या मध्यापासून मागच्या खोलीत आढी लावली होती. जमिनीवर पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, परत पेंढा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आत शिरलं की घाम फुटायचा आणि वासाने डोकं गरगरायचं. अशात पाहुणा कुठे ठेवणार? दुसरी खोली चालू होती.

---

सुरंगी | 10 जून, दुपारी 2:40

मग जमिनीचा प्रश्न मिटला. जी वाट तुम्हाला उघडीच नाही ती सोडल्याची किंमतही नाही. उद्या वाटप होऊन सातबारा तुमच्या नावावर आला की त्या दिवशी ही किंमत जन्माला येईल. झाडं तीच, खत तेच, तरी त्या दिवसापासून बाग तुम्हाला महाग पडू लागेल. किंमत वस्तूला चिकटलेली नसते, तुमच्यापुढे काय काय उघडं आहे त्यावर ठरते, ते इथे दिसतं.

आता खोली. "रोज 1,800, गुणिले 45 दिवस" असं करू नका. खरोखर किती पाहुणे आले असते ते हवं. सांगता येईल?

---

गडग्याआडचा | 10 जून, रात्री 8:50

सांगता येईल. फोन बायको घेते, वही तीच लिहिते. ज्यांना "जागा नाही" सांगितलं त्यांचीही नोंद तिने ठेवली आहे, का ते आज कळलं! मोजल्या, 20 रात्री भरतात. बहुतेक शनिवार-रविवार आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या. एका रात्रीचे 1,800, त्यातून चादरी, पाणी, वीज, मदतीला येणाऱ्या बाईंचे असे 400 जातात.

---

सुरंगी | 10 जून, रात्री 9:25

ही वही जपा. खर्चाची वही सगळे ठेवतात, नाकारलेल्याची कोणी ठेवत नाही. त्यामुळे हा खर्च कधी डोळ्यांना दिसत नाही.

20 रात्रींचे 1,400 प्रमाणे 28 हजार. कराराचे 1 लाख 10 हजार. व्याजाचं तिठा यांचं बरोबर आहे. पैसे सरासरी पाचेक महिने अडकले असं धरलं तर 6 हजाराच्या आसपास येतं. झाले 1 लाख 44 हजार. बाग स्वतः करण्यासाठी तुम्ही एवढं सोडलंत आणि मिळवलंत 1 लाख 32 हजार. वहिनी जिंकल्या, 12 हजारांनी.

---

मचवा | 10 जून, रात्री 10:30

आम्ही हर्णैचे. आंब्यातलं कळत नाही, पण वेळेचं कळतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होडी वर ओढलेली, आम्ही पडवीत जाळी तुणत बसलेले. आता कोणी म्हणेल जाळी तुणायला माणूस लाव, तर हसू येईल. माझा जुलैतला दिवस फुकट आहे. तेच ऑक्टोबरात बांगडा लागलेला असताना जाळं फाटलं तर मी हात लावत नाही. सरळ पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतो आणि दुसरं जाळं घेऊन समुद्रात जातो. भाऊ म्हणतो, जुलैत स्वतः करतोस आणि ऑक्टोबरात पैसे देतोस, हे काय गणित? काम तेच, माणूस तोच, पण दिवस तोच नाही ना.

तेव्हा गडगेदादा, तुमची मेहनत "घरची" म्हणून फुकट धरू नका. कुठल्या महिन्यातली ते आधी सांगा.

---

सुरंगी | 11 जून, सकाळी 8:10

मचवा, वर्गात तुम्हाला उभं करायला हवं होतं. मी हे विचारायलाच विसरले.

गडगेदादा, पावसात खत-कल्टार घालताना तुमचा गेलेला वेळ आणि एप्रिल-मेमध्ये तोडणीला गेलेला वेळ एका मापाने मोजू नका. पावसात पर्यटक नसतात, त्यामुळे तो वेळ जवळपास फुकट असेल. दुसरा काही कामधंदा करता का तुम्ही?

---

गडग्याआडचा | 11 जून, दुपारी 12:45

पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. फेब्रुवारी ते मे म्हणजे आमचा सुगीचा काळ, विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं आणि गावात रोज कोणाची तरी मोटार जळते. यंदा मोहोर-फवारणी-तोडणीच्या नादात बरीच कामं दुसऱ्याकडे गेली. 40 दिवस तरी जातील. पेट्रोल वगळता दिवसाला 800 सुटतात.

बेरीज मीच करतो. 32 हजार. म्हणजे 12 आणि 32, एकूण 44 हजारांनी हरलो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

---

पायवाट | 11 जून, दुपारी 3:30

माफ करा, पण हे सगळं वाचून मला कसंतरी होतंय. आजोबांनी लावलेली कलमं, मुलांनी झेला धरून पहिला आंबा काढला असेल, पहिली पेटी देवाला गेली असेल. याचे किती रुपये धरलेत? माणूस असा हिशोब करायला लागला तर लग्नही करणार नाही.

---

सुरंगी | 11 जून, दुपारी 4:15

त्याचे रुपये मी धरणार नाही, दादांनी धरायचे. त्यांना बाग हातात असण्याचं सुख वर्षाला 44 हजारांपेक्षा जास्त वाटत असेल तर त्यांनी बाग करावी, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त त्या सुखासाठी काय मोजतोय ते ठाऊक असू दे. काल रात्रीपर्यंत त्यांच्या मते त्याला शून्य रुपये पडत होते.

---

कातळ | 11 जून, संध्याकाळी 6:20

रे बाबा, एक विचारतंय, रागावू नको. करारवाला 1 लाख 10 हजार देणार होता, तो कल्टार किती घालणार होता?

मी देवगडचा, तीन पिढ्या कलमांत. कल्टारने झाडाची पालवी आवरते आणि मोहोर लवकर, भरघोस येतो. आंबा मार्चमध्ये वाशीला पोचला तर भाव वेगळाच असतो. मात्रा झाडाचा घेर मोजून घालायची असते. ज्याचं झाड आहे तो मोजतो. ज्याचा करार दोन-तीन वर्षांचा आहे तो हात सैल सोडतो, वर खतपाणी कमी. करार संपतो तेव्हा फांद्यांची टोकं आखडलेली असतात, पालवी गुच्छासारखी येते, खालच्या फांद्या वाळायला लागतात. मग पुढची काही वर्षं ते झाड तुम्ही नुसतं सांभाळत बसायचं. माझ्या चुलत्याच्या बागेत हे डोळ्यांनी पाहिलंय. सगळे करारवाले तसे नसतात, पण ते तुम्हाला आधी कळत नाही.

तेव्हा ताई, तुमचे ते 1 लाख 10 हजार खरे 1 लाख 10 हजार आहेत का?

---

सुरंगी | 11 जून, रात्री 9:00

नाहीत. माझी चूक झाली. सोडलेल्या वाटेवरही खड्डे असतात, ते वजा करूनच तिची किंमत धरायला हवी. मी करारवाल्याचा आकडा जसाच्या तसा उचलला. पण झाडाच्या झिजेचे रुपये कसे काढायचे ते मला सुचत नाही.

---

तिठा | 11 जून, रात्री 9:35

सोपं आहे. करारवाल्यालाच विचारा. "कल्टार मी सांगेन तेवढंच, खत माझ्या देखरेखीत" अशी अट घालून काय देशील म्हणावं. तो जेवढं कमी करेल तेवढं त्याला झाडातून जास्तीचं ओरबाडायचं होतं. झाडाची झीज नेमकी तेवढीच असेल असं नाही, पण अंदाजाला काहीतरी मिळेल.

गडग्याबद्दलचं माझं म्हणणं मात्र अजून पटलेलं नाही. नफ्याच्या पत्रकात तो येतोच.

---

सुरंगी | 11 जून, रात्री 9:50

पत्रकात येतो, निवडीत येत नाही. ती दोन कामं वेगळी आहेत. पण करारवाल्याला विचारायची युक्ती झकास.

जाता जाता एक गंमत. इथे गोंधळ झाला म्हणून कोणी लाजू नका. 2005 साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात पॉल फेरारो आणि लॉरा टेलर या दोघांनी सुमारे 200 जणांना एक प्रश्न घातला. आपल्याकडच्या भाषेत सांगते. तुम्हाला एका नाटकाचं फुकट तिकीट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच रात्री दुसरीकडे दशावतार आहे, तिकीट 40 रुपये, आणि तो बघायला तुम्ही एरवी 50 पर्यंत दिले असते. मग नाटकाला जाण्याची खरी किंमत किती? 0, 10, 40 की 50? मूळ प्रश्नात गायक होते आणि डॉलर होते. पुस्तकी उत्तर 10, कारण दशावतारातून 50 चा आनंद मिळाला असता पण त्यासाठी 40 मोजावे लागले असते. पाचातल्या जेमतेम एकाने ते दिलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चारातला एक बरोबर आला असता!

---

पायवाट | 11 जून, रात्री 10:20

मी 50 म्हटलं असतं. 50 चा आनंद हुकला ना? खिशात राहिलेले 40 वेगळे.

---

सुरंगी | 11 जून, रात्री 10:40

तुमच्यासारखं म्हणणारे प्राध्यापकही आहेत. सोडलेल्या वाटेचा खर्च वजा करून बोलायचं की तो वेगळा मांडायचा, यावर नंतर लेख आले, आणि शब्दाचा अर्थ कसा घेता त्यावर दुसरी उत्तरंही बसवता येतात असं काहींनी दाखवलं. मी आयुष्यभर 10 शिकवलं. खोलीचे 400 वजा केले तेही त्याच सवयीने. मात्र एका बाजूला वजा करून आणि दुसरीकडे न करता तुलना केली तर फसगत नक्की.

---

मचवा | 12 जून, सकाळी 6:15

आमच्याकडे दशावतार नाही, नमन असतं. आणि ते फुकट असतं.

---

गडग्याआडचा | 14 जून, रात्री 9:10

करारवाल्याला भेटून आलो. अट सांगितली. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "85 देतो." 25 हजार खाली आला. कातळदादा, तुमचं बरोबर होतं.

दुसरं म्हणजे आढी खोलीत लावायची गरजच काय, असं बायकोने विचारलं. मागचा गोठा चार वर्षं रिकामा आहे. कौलं सारखी करून, उंदरांची भोकं बुजवून, वारा खेळता ठेवला की आढी तिथे बसते. खर्च 3 हजार. म्हणजे खोलीचे 28 हजार बागेच्या नावावर घालायचं कारणच नव्हतं, ते माझ्या आळसाच्या नावावर घालायला हवे होते.

आता असा हिशोब येतो. बागेतून 1 लाख 29 हजार. समोर कराराचे 85, व्याजाचे 6, पंपांचे 32, मिळून 1 लाख 23 हजार. 6 हजार माझ्या बाजूने. ताई, बघा बरोबर आहे का.

---

सुरंगी | 14 जून, रात्री 9:45

बरोबर. पण 6 हजारांवर नाचू नका. एक अवकाळी सर मोहोरात आली, तुडतुडे वाढून दोन फवारण्या जास्तीच्या झाल्या, की ते गेले. करारवाल्याचे 85 हजार मात्र पाऊस आला तरी तुमचेच. मी असते तर ती बेफिकिरी 6 हजारांहून महाग धरली असती, पण हे ज्याचं त्याने ठरवायचं.

---

तिठा | 14 जून, रात्री 10:05

आणि करारवाला पैसे बुडवत नाही असं धरून हे सगळं. आगाऊ किती देतोय?

---

गडग्याआडचा | 14 जून, रात्री 10:30

निम्मे पावसात, निम्मे आंबा निघाल्यावर. तेही आहेच म्हणा.

कल्टार घालायला अजून महिना आहे, तोवर ठरवतो. बायकोचं एक तिसरंच म्हणणं आलंय: 40 लांबची कलमं कराराने द्या, घराजवळची 20 ठेवा, पंपांची कामं सोडू नका. करारवाला 40 चे काय देईल ते उद्या विचारतो. तोवर गोठ्यातली भोकं बुजवतोय, ते काम जूनमधलं आहे.

---

हापूसप्रेमी डोंबिवली | 15 जून, सकाळी 10:00

त्या 20 कलमांवर फवारणी नका करू, सगळ्या पेट्या मी घेतो.

---

कातळ | 15 जून, सकाळी 10:12

आधी फवारणीशिवाय किती पेट्या निघतात ते बघा, मग सगळ्या घ्या.